हंगामी कर्मचाऱ्याचा अनुभवाचा दाखला: पद आणि कालावधी लिहिताना स्तुती व बदनामी दोन्ही कशी टाळावी

हिंगणघाट, राळेगाव, वणी, पांढरकवडा या पट्ट्यातील जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची आवक ओसरू लागली की काटा क्लार्क, ग्रेडर, प्रेसवरचे ऑपरेटर आणि हिशेबनीस दाखल्यासाठी कार्यालयात येऊ लागतात, कारण पुढच्या हंगामात दुसरीकडे काम धरायचे असेल तर हाती अनुभवाचा कागद लागतो. बहुतेक ठिकाणी हा कागद पाच मिनिटांत तयार होतो. संगणकातला कुणाचा तरी जुना दाखला उघडायचा, नाव आणि तारखा बदलायच्या, सही-शिक्का करून हातात द्यायचा. त्या जुन्या मजकुरात "प्रामाणिक, होतकरू व विश्वासू" हे शब्द कधीतरी कुणीतरी घातलेले असतात आणि ते पुढे प्रत्येकाच्या वाट्याला तसेच येतात. मालकाच्या मनात कोणाची शिफारस करायची नसते, तरी त्याच्या सहीने ती होऊन जाते. याच्या उलट, एखाद्यावर राग असला की त्याच्या दाखल्यात एखादे बोचरे वाक्य शिरते आणि त्यातून बदनामीचा प्रश्न उभा राहतो.

पुढील मार्गदर्शन एका उदाहरणाच्या आधाराने केले आहे. एका भागीदारी फर्मच्या जिनिंगमध्ये एक जण तीन हंगाम वजनकाट्यावर होता. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी हिशेब जुळवताना काही काटापट्ट्यांच्या स्थळप्रती सापडल्या नाहीत. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून कापसाचे वजन निघते, त्यामुळे रिकामी गाडी प्रत्यक्षापेक्षा 40 किलो हलकी दाखवली की तेवढ्या कापसाचा चुकारा जास्त जातो. असे काही झाले असावे, असा एका भागीदाराला संशय आला. चौकशी झाली नाही, लेखी खुलासा मागितला नाही, पोलिसांत तक्रारही दिली नाही. शब्दाला शब्द वाढला आणि क्लार्कने काम सोडले. त्याने घेतलेल्या उचलीपैकी काही रक्कमही फिटायची होती. जूनमध्ये तो दाखला मागायला आला, कारण शेजारच्या तालुक्यातील एका गोदामात त्याला काट्यावरच काम मिळणार होते. "शेठजी, दाखल्यात 'इमानदार' एवढं टाकून द्या ना जी," अशी त्याची विनंती होती. संशय घेणाऱ्या भागीदाराचे म्हणणे होते की खरे काय ते लिहून टाकावे. मुनीमजींच्या मते चांगले दोन शब्द लिहून विषय संपवावा. यातला कोणताही मार्ग धरू नये. तो का धरू नये, हे दाखला तयार करतानाच कळत जाते.

पहिली पायरी: आठवण बाजूला ठेवून अभिलेख काढणे

लिहायला बसण्यापूर्वी नियुक्तीपत्र दिलेले असल्यास ते, हजेरीपट, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीची नोंद आणि राजीनामा असल्यास तो, असे सगळे कागद एकत्र काढावेत. दाखल्यातील प्रत्येक तारीख यांपैकी एखाद्या कागदावर बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. जिथे भविष्य निर्वाह निधी लागू आहे तिथे कर्मचारी कधी लागला आणि कधी सुटला या तारखा सहसा मालकानेच संकेतस्थळावर भरलेल्या असतात आणि त्या कर्मचाऱ्याला स्वतःच्या खात्यावर दिसतात. नवा मालक त्या सेवा-तपशिलाची प्रत मागून दाखल्याशी ताडून पाहू शकतो. दोन्हींत महिनाभराचाही फरक निघाला तर संशय कर्मचाऱ्यावर जातो, चूक मात्र दाखला लिहिणाऱ्याची असते. दोन अभिलेखांत तफावत असेल तर ती आधी मिटवावी. ती तशीच राहू देऊन दाखल्यात मधली एखादी तारीख घालणे योग्य नाही.

दुसरी पायरी: कालावधी हंगामनिहाय लिहिणे

हंगामी उद्योगात सर्वाधिक चुका इथेच होतात आणि त्या वाईट हेतूने होत नाहीत. आपल्या उदाहरणातील क्लार्कची हजेरी अशी निघाली: 12 नोव्हेंबर 2021 ते 30 एप्रिल 2022, नंतर 2 नोव्हेंबर 2022 ते 6 मे 2023, आणि शेवटी 20 नोव्हेंबर 2023 ते 28 मार्च 2024. पहिल्या हंगामाचे 170 दिवस होतात, दुसऱ्याचे 186 आणि तिसऱ्याचे 130, म्हणजे सगळे मिळून 486 दिवस, सुमारे सोळा महिने. नेहमीच्या नमुन्यात मात्र "दि. 12 नोव्हेंबर 2021 ते दि. 28 मार्च 2024 या कालावधीत कार्यरत होते" असे वाक्य आले असते आणि वाचणाऱ्याला ते सलग दोन वर्षे साडेचार महिन्यांचे काम वाटले असते. पहिली आणि शेवटची तारीख खरी असूनही त्या वाक्यातून जवळजवळ वर्षभराचा अनुभव वाढतो. एखाद्या जाहिरातीत दोन वर्षांच्या अनुभवाची अट असेल, तर तो उमेदवार फर्मच्या कागदावर पात्र ठरतो आणि पुढे पडताळणीत अडकतो.

असा दाखला मालकाच्याही अंगावर येऊ शकतो. सलग नोकरीचा आपल्याच सहीचा कागद दिलेला असताना, उद्या उपदानाचा म्हणजे ग्रॅच्युइटीचा किंवा सेवाखंडाचा वाद निघाला तर "काम हंगामी होते" हे म्हणणे सिद्ध करायला जास्त कष्ट पडतात. म्हणून प्रत्येक हंगामाची सुरुवातीची आणि शेवटची तारीख वेगळी लिहावी आणि "हंगामी स्वरूपात" हे शब्द न विसरता घालावेत. एकूण दिवसांची बेरीज लिहिलीच पाहिजे असे नाही. लिहायची असेल तर ती हजेरीचे दिवस धरून आहे की कालावधीचे, हे स्पष्ट करावे, कारण सुट्या आणि गैरहजेरीमुळे हे दोन आकडे सहसा जुळत नाहीत.

तिसरी पायरी: पद नोंदीतले, काम क्रियापदांत

पगारपत्रकात पद "काटा क्लार्क" असे आहे आणि कर्मचाऱ्याची मागणी "सुपरवायझर" लिहा अशी आहे, कारण शेवटच्या हंगामात अंगणातल्या गाड्यांची रांगही तोच लावत असे. अशा वेळी पदाच्या जागी नोंदीतलेच पद लिहावे आणि जास्तीचे काम त्यापुढे काम म्हणूनच नोंदवावे. यात त्याच्यावर अन्याय होत नाही, कारण नव्या मालकाला पदनामापेक्षा त्याने प्रत्यक्षात काय केले यात अधिक रस असतो.

कामाचे वर्णन करताना एक साधी कसोटी लावावी: वाक्यातून तो माणूस काय करत होता एवढेच कळते, की तो ते कसे करत होता हेही कळते? "भरलेल्या व रिकाम्या गाड्यांचे वजन करून काटापट्टी तयार करणे" यातून फक्त काम कळते. "काट्याचे संपूर्ण काम जबाबदारीने व स्वतंत्रपणे सांभाळले" यातून मालकाचे मत कळते. "निष्णात", "चोख", "उत्तम", "कार्यक्षम", "समाधानकारक" हे शब्द ओळखायला सोपे असतात. "सांभाळले", "निभावले", "यशस्वीरीत्या पार पाडले" ही क्रियापदे मात्र मोजकी वाटूनही आत कौतुक घेऊन येतात, म्हणून त्यांच्या जागी "करणे", "ठेवणे", "नोंदवणे" अशी कोरडी क्रियापदे वापरावीत. रोख रकमेशी संबंध येत असेल तर विशेष काळजी घ्यावी. "रोखीचे व्यवहार त्यांच्याकडे होते" असे वाचणारा त्यातून विश्वासाची ग्वाही काढतो. त्यांच्याकडे फक्त चुकाऱ्याच्या नोंदी असतील तर तेवढेच लिहावे.

चौथी पायरी: स्तुती का नको

मुनीमजींचा सल्ला व्यवहारी वाटतो. पण ज्या माणसाबद्दल फर्मच्या मनात संशय आहे त्यालाच ती "प्रामाणिक" म्हणून लिहून देते, आणि गोदामवाला त्या शब्दावर विसंबून त्याला काट्यावर बसवतो. पुढे तिथे नुकसान झाले तर पहिला प्रश्न हाच येईल की तुम्हाला ठाऊक होते, मग असे लिहून का दिले? स्वतःला खरे वाटत नसलेले विधान दुसऱ्याने त्यावर विसंबावे म्हणून करणे हा दिशाभुलीचा भाग आहे आणि त्याची दिवाणी जबाबदारी येऊ शकते. दुसरी अडचण घरातलीच आहे. उद्या फर्मने त्याच क्लार्कविरुद्ध वसुलीचा दावा किंवा तक्रार केली तर त्याचा वकील पहिल्यांदा हाच दाखला पुढे ठेवील.

एका वाक्याकडे फार कमी जणांचे लक्ष जाते. "त्यांच्याकडे आमची कोणतीही येणी बाकी नाहीत" ही ओळ जुन्या नमुन्यांत सर्रास असते. आपल्या उदाहरणात उचल फिटलेली नाही. ही ओळ नजरचुकीने राहिली तर कर्जफेडीची पावतीच दिल्यासारखे होते. याउलट "उचल बाकी आहे" असे दाखल्यात लिहिणे म्हणजे प्रत्येक नव्या मालकापुढे त्याला देणेकरी म्हणून उभे करणे आहे. हिशेब वेगळ्या हिशेबपत्रकावर करावा आणि दाखल्यात त्याचा उल्लेखही करू नये. उचल फिटेपर्यंत दाखला अडवून धरण्याची रीतही बरी नाही. माणसाचे नवे काम हुकले तर उचल फिटण्याची शक्यता आणखी कमी होते.

एखाद्या कर्मचाऱ्याबद्दल मनापासून चांगले लिहावेसे वाटत असेल तर ते जरूर लिहावे, पण वेगळ्या शिफारसपत्रात, ठरावीक व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावे, आणि लिहिणाऱ्याने स्वतः जे पाहिले तेवढेच. दाखला फर्मचा असतो आणि शिफारस माणसाची असते, म्हणून दोन्ही एका कागदावर आणू नयेत.

पाचवी पायरी: बदनामी कुठे सुरू होते

संशय घेणाऱ्या भागीदाराचा युक्तिवाद असतो की खरे लिहायला भ्यायचे कशाला. इथे कायद्यातील एक बारकावा समजून घेणे गरजेचे आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीचा गुन्हा येतो. त्यापूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 499 व 500 मध्ये होता. त्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. दिवाणी दाव्यात विधान खरे असणे हा पुरेसा बचाव ठरतो, पण फौजदारी प्रकरणात ते खरे असून शिवाय लोकहितासाठी केलेले असावे लागते. आपल्या उदाहरणात तर खरे-खोटे ठरलेलेच नाही. काटापट्ट्यांच्या स्थळप्रती सापडत नाहीत एवढीच वस्तुस्थिती आहे. त्या कोणी नेल्या, वजनात फेरफार झाला का, आणि तो कोणी केला, यातले काहीही सिद्ध झालेले नाही.

आपल्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला याच कलमात अपवाद आहे. एखाद्या दुकानदाराने आपल्या कारभाऱ्याला "अमक्याला उधार देऊ नकोस, मला त्याच्या सचोटीचा भरवसा नाही" असे सांगितले तर ते या अपवादात बसू शकते. परंतु सद्भावना म्हणजे मनातील चांगला हेतू एवढेच नव्हे. कायद्याच्या भाषेत योग्य ती काळजी व लक्ष न देता केलेली कृती सद्भावनेची ठरत नाही. ज्या फर्मने साधा खुलासाही मागितला नाही, तिला काळजी घेतली होती हे सांगणे अवघड जाईल. शिवाय तो अपवाद हितसंबंध असलेल्या ठरावीक माणसाला दिलेल्या माहितीसाठी उपयोगी पडतो. दाखला तर कोणाच्याही हाती जाणारा कागद आहे.

उघड आरोप सहसा कोणी लिहीत नाही. सूचक वाक्येच जास्त आढळतात: "त्यांच्या वर्तणुकीबाबत आम्हांस काही म्हणावयाचे नाही", "अधिक माहितीसाठी प्रत्यक्ष भेटावे", "त्यांना सेवामुक्त करताना आम्हांस समाधान वाटते". उपरोधाने किंवा पर्यायी स्वरूपात केलेले विधानही बदनामी ठरू शकते, असे या कलमाच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. त्यामुळे आडवळणाने लिहिल्याने संरक्षण मिळत नाही, उलट हेतू दिसून येतो. "आम्ही यांची कोणतीही जबाबदारी घेत नाही" असे ठळक अक्षरांत छापणेही याच प्रकारात मोडते, विशेषतः ते एकाच्याच दाखल्यात असेल तर.

काम सोडण्याचे कारण लिहू नये. राजीनामा दिला, काढून टाकले, हंगाम संपला, यांपैकी एक कारण एकाच्या दाखल्यात आणि दुसरे दुसऱ्याच्या दाखल्यात आले की वाचणारा तुलना करू लागतो. तेच वर्तणुकीच्या ओळीचे आहे. बाकी सगळ्यांना "वर्तणूक चांगली" मिळाली आणि या एकालाच मिळाली नाही, तर ती गाळलेली ओळच बोलते. यावर खात्रीचा उपाय एकच आहे. फर्मने एक ठरावीक नमुना स्वीकारावा आणि लाडक्या ग्रेडरपासून भांडून गेलेल्या क्लार्कपर्यंत सगळ्यांना तोच द्यावा.

संशय खराच गंभीर असेल तर त्याची वाट वेगळी आहे. लेखी खुलासा मागवावा, काट्याच्या संगणकातील नोंदी आणि उरलेल्या पट्ट्या सुरक्षित ठेवाव्यात, वकिलाला विचारून तक्रार द्यायची की नाही ते ठरवावे. दाखला हे त्या चौकशीचे साधन होऊ शकत नाही.

सहावी पायरी: प्रत्यक्ष मजकूर

वरील सर्व पाळून आपल्या उदाहरणातील दाखला पुढीलप्रमाणे होईल. तो फर्मच्या नाव-पत्त्याच्या कागदावर असावा.

> जावक क्रमांक: ____  दिनांक: ____
>
> अनुभवाचा दाखला
>
> दाखला देण्यात येतो की, श्री. ________, राहणार ________, हे आमच्या जिनिंग व प्रेसिंग कारखान्यात "काटा क्लार्क" या पदावर हंगामी स्वरूपात पुढील कालावधीत नोकरीस होते:
>
> दि. 12 नोव्हेंबर 2021 ते दि. 30 एप्रिल 2022
> दि. 2 नोव्हेंबर 2022 ते दि. 6 मे 2023
> दि. 20 नोव्हेंबर 2023 ते दि. 28 मार्च 2024
>
> कापसाच्या भरलेल्या व रिकाम्या गाड्यांचे वजन करणे, काटापट्टी तयार करणे व आवक नोंदवहीत नोंद करणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. 2023-24 च्या हंगामात आवारातील गाड्यांचा क्रम लावण्याचे कामही त्यांच्याकडे होते.
>
> हा दाखला त्यांच्या विनंतीवरून, कारखान्याच्या अभिलेखाच्या आधारे देण्यात येत आहे. सर्व कर्मचाऱ्यांच्या दाखल्यांत केवळ पद, कालावधी व कामाचे स्वरूप नमूद केले जाते.
>
> फर्मकरिता
> (सही, नाव, भागीदार, शिक्का)

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. दाखल्यात वर्तणुकीचा शब्द का नाही, याचे उत्तर ते देते आणि ते या एका माणसाबद्दल नाही हेही सांगते. अर्थात ते खरे असायला हवे. उद्या कुणाच्या दाखल्यात "विश्वासू" लिहिले गेले तर आधीच्या सर्व दाखल्यांतील हे वाक्य खोटे पडते. आधार क्रमांक, जात, वैवाहिक स्थिती यांची इथे गरज नाही. पगाराचा आकडाही घालू नये. तो हवा असेल तर वेतनाचा दाखला वेगळा द्यावा. "भावी वाटचालीस शुभेच्छा" ही ओळ निरुपद्रवी आहे, पण ठेवायची तर सगळ्यांना ठेवावी.

सही अधिकार असलेल्या भागीदारानेच करावी. मुनीमजींनी "करिता" म्हणून सही केलेला कागद पडताळणीत परत येतो.

सातवी पायरी: देणे, आणि नंतर येणारे फोन

दाखल्यावर जावक नोंदवहीतील क्रमांक घालावा, स्थळप्रतीवर कर्मचाऱ्याची पोच घ्यावी आणि तारखांबद्दल काही म्हणणे असेल तर ते लेखी मागावे. म्हणणे बरोबर निघाले तर खाडाखोड न करता नवा दाखला द्यावा आणि जुना परत घेऊन त्यावर रद्द असे लिहावे.

दाखला इतका काळजीपूर्वक लिहून झाल्यावर सगळ्यावर पाणी फिरते ते फोनवर. गोदामवाला ओळखीचा असतो, तो विचारतो, "भाऊ, माणूस कसा आहे?" आणि भागीदार बोलून जातो. तोंडी शब्दही बदनामीच्या व्याख्येत येतो, आणि आजकाल फोनवरील बोलणे सहज ध्वनिमुद्रित होते. त्यामुळे उत्तर कोणी द्यायचे हे फर्ममध्ये आधीच ठरवावे. त्या माणसाने दाखला समोर ठेवून क्रमांक, पद आणि तारखा बरोबर आहेत एवढेच सांगावे. पुढे प्रश्न आलाच तर "आमच्याकडे सगळ्यांबद्दल एवढेच सांगायची पद्धत आहे" असे म्हणावे, आणि तेही नेहमीच्या आवाजात, कारण विशिष्ट ठिकाणी घेतलेला दीर्घ उसासाही पुरेसे सांगून जातो. पोलीस किंवा न्यायालय यांनी लेखी माहिती मागितली तर हा नियम लागू नाही. तिथे अभिलेखातील माहिती द्यावीच लागते.

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकून "याच्यापासून सावध राहा" लिहिणे, किंवा वृत्तपत्रात जाहीर सूचना देताना "गैरव्यवहारामुळे काढले आहे" असे छापणे, ही पावले दाखल्यातील वाक्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याची आहेत. फर्मच्या नावाने कोणी वसुली करू नये म्हणून सूचना देणे गरजेचे असेल तर "अमुक तारखेपासून ते आमच्या फर्ममध्ये नोकरीस नाहीत, त्यांच्याशी फर्मच्या वतीने व्यवहार करू नये" इतके पुरते. लेखी बदनामीच्या भरपाईचा दिवाणी दावा प्रसिद्धीपासून एका वर्षात करता येतो आणि फौजदारी तक्रारीची मुदत तीन वर्षांची आहे, म्हणून दाखल्याची स्थळप्रत, पोच आणि ज्यांच्या आधारे तो लिहिला ते हजेरीपटाचे उतारे एकत्र बांधून किमान तेवढा काळ तरी ठेवावेत.

हंगामी कर्मचारी पुष्कळदा चार-पाच वर्षांनी दुसरी प्रत मागायला येतात. तोवर भागीदार बदललेले असतात, कधी जिनिंगच भाड्याने गेलेले असते. अशा वेळी जुन्या तारखेचा नवा कागद करून देऊ नये. त्या दिवसाची तारीख आणि नवा जावक क्रमांक घालून, वर "दुसरी प्रत" असे लिहून, मूळ दाखल्याचा क्रमांक व तारीख नमूद करून मजकूर जसाच्या तसा उतरवावा. स्थळप्रत आणि हजेरीपट दोन्ही सापडत नसतील तर तारखा आठवणीने भरू नयेत. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत जेवढे दिसते तेवढेच, त्या नोंदीचा उल्लेख करून, लिहून द्यावे.